फोटोवरून अस्सल चामडे ओळखताना: आधी कड, मग रंध्रे, शेवटी दाणा

हडपसरला राहणाऱ्या माझ्या भाचीला ऑफिससाठी वापरलेली चामड्याची बॅग हवी होती. ॲपवर तिला एक सापडली. किंमत ३,५०० रुपये, वर्णनात ‘फुल ग्रेन लेदर, दोनदाच वापरलेली’, आणि विक्रेता बाणेरचा. संध्याकाळी हडपसरहून बाणेरला जाऊन यायचे म्हणजे अडीच-तीन तास वाहतुकीत घालवायचे. तिथे जाऊन बॅग रेक्झिनची निघाली, तर परत येताना जो संताप होतो तो मी स्वतः एकदा अनुभवला आहे. मी घेतलेल्या बॅगेचे तथाकथित चामडे दुसऱ्या पावसाळ्यात पापुद्र्यांनी सुटले आणि आठवडाभर माझ्या कुर्त्यांवर काळा भुगा सांडत राहिला. म्हणून जाण्याआधी फोटोवरून काय आणि किती ओळखता येते, हे तिला ज्या क्रमाने समजावले त्याच क्रमाने येथे लिहीत आहे.

बहुतेक लोक सर्वप्रथम दाणा पाहतात. चामड्याच्या वरच्या अंगावर दिसणारे बारीक उंचवटे आणि त्यांच्या मधल्या रेघा, म्हणजे ज्याला दुकानदार ग्रेन म्हणतात, तो दाणा. डोळ्यांना तोच आधी भिडतो हे खरे, पण तीन खुणांपैकी सर्वांत कच्ची खूण तीच आहे, कारण नक्कल करणाऱ्याने सर्वाधिक मेहनत तिथेच घेतलेली असते. कापलेल्या कडेवर मात्र कोणी फारशी मेहनत घेत नाही. फार तर ती रंगाखाली झाकली जाते. म्हणून माझा क्रम उलटा आहे.

पहिली पायरी: उपयोगी पडेल असा फोटो मागवणे

जाहिरातीतील फोटोंवरून जवळजवळ काहीच ठरत नाही आणि त्याचे कारण साध्या गणितात आहे. सर्वसाधारण १२ मेगापिक्सेलच्या फोटोची रुंदी ४,००० पिक्सेल असते. संपूर्ण बॅग मावावी म्हणून ४० सेंटिमीटर रुंदीची चौकट धरली, तर एका मिलिमीटरला १० पिक्सेल येतात. गाईच्या चामड्यावरील रंध्र ढोबळमानाने ०.१ ते ०.२ मिलिमीटरचे, म्हणजे फोटोत एक-दोन पिक्सेलचे. ते दिसणारच नाही. फोन १० ते १२ सेंटिमीटरवर आणला की चौकटीत साधारण १५ सेंटिमीटर भाग येतो आणि मिलिमीटरला सुमारे २७ पिक्सेल मिळतात. आता तेच रंध्र तीन ते पाच पिक्सेलचा ठिपका होते, आणि एवढे आपल्याला पुरते. स्वस्त फोनमधील ‘मॅक्रो’ कॅमेरा मात्र वापरायला सांगू नये. तो बहुधा २ मेगापिक्सेलचा असतो आणि मुख्य कॅमेऱ्यापेक्षा कमी तपशील देतो.

दुसरी अडचण व्हॉट्सॲपची. तिथे नेहमीच्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोची लांब बाजू साधारण १,६०० पिक्सेलवर येते, म्हणजे जवळून काढलेल्या फोटोतही मिलिमीटरला जेमतेम ११ पिक्सेल उरतात आणि रंध्रे पुसली जातात. म्हणून फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगावे. विक्रेत्याने तसे केले की नाही हे तपासण्यासाठी मी फोटोत दहा रुपयांचे नाणे ठेवायला सांगते. त्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो. मूळ फोटोत, वर सांगितलेल्या अंतरावरून, नाण्याची रुंदी ७२० पिक्सेलच्या आसपास भरते; दाबून आलेल्या फोटोत ती २९० च्या घरात येते. फोटो नाण्याच्या दोन्ही कडांपर्यंत कापून जतन केला आणि त्याचा तपशील उघडला, की हा आकडा समोर दिसतो. पुढे मोजमापालाही हेच नाणे कामाला येते.

तिसरी बाब उजेडाची. फ्लॅश समोरून पडतो आणि सगळे उंचसखल सपाट करून टाकतो. प्रकाश पृष्ठभागावरून घासत जायला हवा, आणि त्यासाठी सकाळी आठच्या सुमारास पूर्वेकडील गॅलरीत येणारे तिरपे ऊन किंवा अंधाऱ्या खोलीत बाजूला, वस्तूच्या पातळीवर धरलेली दुसऱ्या फोनची टॉर्च पुरेशी असते. भाचीने पाठवलेला निरोप असा होता:

‘नमस्कार दादा, बॅग आवडली. येण्याआधी तीन फोटो मिळतील का? एक झाकणाचा, अगदी जवळून, शेजारी दहाचं नाणं ठेवून. दुसरा पट्ट्याच्या भोकाचा. तिसरा, पट्टा जिथे कडीत अडकवलाय तिथल्या लूपचा, आतल्या बाजूने, त्यातही नाणं असू द्या. फ्लॅश नको, खिडकीशी काढा आणि डॉक्युमेंट म्हणून पाठवा.’

त्यावर उत्तर आले, ‘ओरिजिनल लेदर आहे ताई, लायटर लावून बघा हवं तर.’ लायटरचा हा सल्ला पुण्यात कोणत्याही रस्त्यावर फुकट मिळतो. अस्सल चामड्यावरही वर बहुधा रंगाचा आणि प्लास्टिकसारख्या लेपाचा थर असतो आणि आच लागली की तोच आधी वितळतो, त्यामुळे वस्तू खराब होते आणि उत्तर मिळतेच असे नाही. फोटो मात्र त्याने पाठवले, याचे श्रेय त्याला दिले पाहिजे.

दुसरी पायरी: कापलेली कड

कड वाचायला शिकण्यासाठी दोन नमुने घरातच मिळतात. पहिला म्हणजे कोल्हापुरी चपलेचा तळ. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेले हे जाड चामडे असते आणि त्याची कड पुष्कळदा रंगाने झाकलेली नसते. ती उन्हात धरून पाहिली, तर लोकर घट्ट दाबून ठेवल्यासारखे एकमेकांत गुंतलेले तंतू दिसतात. त्यांना उभी-आडवी अशी वीण नसते. वरच्या अंगाकडे ते बारीक आणि घट्ट होत जातात, खालच्या अंगाकडे जाड आणि सैल होतात, आणि हा बदल कुठे सुरू झाला अशी रेघ दाखवता येत नाही. प्राण्याच्या त्वचेची रचनाच तशी आहे.

दुसरा नमुना म्हणजे दुचाकीची फाटलेली सीट, आणि ती शोधायला पुण्यात सोसायटीच्या पार्किंगपलीकडे जावे लागत नाही. त्या फाटीत वर प्लास्टिकची सलग पातळ कातडी, तिच्या खाली बहुधा बारीक बुडबुड्यांचा स्पंजासारखा थर आणि सर्वांत खाली कापड असते. त्या कापडाचे धागे मोजता येतील इतके सरळ आणि समान अंतरावर असतात. प्रत्येक थर दुसऱ्यापासून स्पष्ट रेघेने वेगळा होतो. पीव्हीसीचे रेक्झिन असो वा पीयू, मांडणी साधारण अशीच असते, फक्त जाडी आणि कापड बदलते.

हे दोन नमुने नजरेत बसले, की बॅगेवर उघडी कड कुठे सापडेल एवढाच प्रश्न उरतो. बहुतेक बॅगांच्या कडा दुमडून शिवलेल्या असतात किंवा त्यांवर जाड रंगाची किनार दिलेली असते, आणि किनारीच्या रंगावरून काहीही ठरवू नये. पट्ट्यातील बकलाची भोके, कडीच्या लूपचे आत दडलेले टोक, चेनच्या शेवटी लावलेली छोटी पट्टी आणि आतल्या खिशाच्या तोंडाशी अस्तराखाली डोकावणारी कड, एवढ्या ठिकाणी कारागीर सहसा रंग लावत नाही. भोकाविषयी एक सावधगिरी बाळगावी लागते. पंचने भोक पाडताना वरचा थर आत ओढला जातो, त्यामुळे भोकाच्या तोंडाशी तो आहे त्याहून जाड दिसतो. जाडीचा अंदाज घ्यायचा असेल तर तो लूपच्या टोकावर घ्यावा.

आता रंग पाहावा. सध्याच्या बॅगांचे बरेचसे चामडे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले असते आणि तसे कमावल्यावर ते निळसर-करडे होते. पुढे दिलेला रंग आतपर्यंत पोचला नसेल, तर कडेच्या मध्यभागी फिकट निळसर पट्टा राहतो. असा पट्टा आणि त्यात विस्कटलेले तंतू दिसले, तर आत चामडे आहे असे मी जवळजवळ खात्रीने म्हणते. उलट, पांढराशुभ्र आणि सरळ धाग्यांचा थर दिसला, तर पुढच्या पायऱ्यांची गरजच राहत नाही.

फसगत होते ती मायक्रोफायबरच्या बाबतीत. त्यात विणलेल्या कापडाऐवजी अत्यंत बारीक कृत्रिम तंतूंची गादी असते, त्यामुळे कडेवर वीण दिसत नाही आणि पहिल्या नजरेला ते चामडेच वाटते. फरक असा, की वरपासून खालपर्यंत तंतूंची जाडी आणि दाटी एकसारखी असते. चामड्यासारखे वर घट्ट आणि खाली सैल असे होत नाही. फोटोत हा फरक प्रत्येक वेळी पकडता येतोच असे नाही, आणि अशा वेळी ‘फोटोवरून सांगता येत नाही’ एवढेच उत्तर द्यावे.

तिसरी पायरी: रंध्रांची अनियमितता

रंध्र म्हणजे केस जिथून उगवत होता ती जागा. गाईच्या चामड्यावर ती लहान, गोलसर आणि बऱ्यापैकी सर्वत्र पसरलेली असतात. म्हशीच्या चामड्यावर ती मोठी आणि विरळ असतात. बकरीच्या चामड्यावर लहान-लहान गटांत, नागमोडी ओळींसारखी दिसतात. आणि डुकराच्या चामड्यावर तीन-तीनच्या पुंजक्यांत. मात्र फोटोवरून प्राणी ओळखण्याच्या भानगडीत नवख्याने पडू नये. आपल्याला पाहायची आहे ती अनियमितता, आणि ती कशी असते हे नेमके ठाऊक हवे, कारण नक्कल करणारेही ठिपके विस्कटून टाकतात.

नाण्याशेजारचा, नाण्याएवढाच एक चौकोन निवडून तो पडद्यावर मोठा करावा. अस्सल रंध्रांत तीन गोष्टी एकाच वेळी बदलतात: दोन रंध्रांमधील अंतर, त्यांचा आकार आणि त्यांची खोली. एखादे रंध्र पॉलिशने बुजलेले असते, शेजारचे उघडे असते, तिसरे किंचित तिरपे आत गेलेले असते. तिरप्या उजेडात त्यांच्या सावल्या सारख्या पडत नाहीत. ठशाने उमटवलेल्या खळग्यांत अंतर कमी-जास्त असले, तरी खोली आणि काठाचा गोलावा सारखा राहतो, त्यामुळे प्रत्येक खळग्यात त्याच बाजूला त्याच मापाची चंद्रकोरीसारखी सावली दिसते. अंतर विस्कटणे सोपे आहे, खोली विस्कटणे अवघड आहे. म्हणून मी सावल्यांकडे आधी पाहते.

आणखी एक खूण माझ्या विशेष आवडीची आहे. रंध्रे आणि दाणा यांचे नाते पाहावे. अस्सल चामड्यावर वरून नक्षी दाबलेली असली, तरी रंध्रे त्या नक्षीला जुमानत नाहीत. ती उंचवट्याच्या माथ्यावरही असतात, उतारावरही आणि खाचेतही, कारण ती नक्षीच्या आधीपासून तिथे होती. ठशाच्या मालात ठिपके नक्षीसोबतच कोरलेले असतात, त्यामुळे बऱ्याचदा प्रत्येक उंचवट्याच्या माथ्यावर दोन-तीन आणि खाचेत एकही नाही अशी शिस्तशीर मांडणी दिसते.

रंध्रे अजिबातच दिसली नाहीत तर काय, हा प्रश्न भाचीने लगेच विचारला. तेवढ्यावरून माल नकली ठरत नाही. डाग आणि ओरखडे असलेल्या चामड्याचा वरचा भाग घासून त्यावर जाड लेप आणि नक्षी देतात, त्याला करेक्टेड ग्रेन म्हणतात. त्यात रंध्रे घासली जातात किंवा झाकली जातात, पण वस्तू चामड्याचीच असते. म्हणजे अनियमित रंध्रे सापडली तर तो चामड्याच्या बाजूने भक्कम पुरावा आहे. न सापडणे हा पुरावाच नाही.

चौथी पायरी: दाणा, पण पुनरावृत्तीसाठी

दाण्यात सौंदर्य शोधू नये, पुनरावृत्ती शोधावी. कृत्रिम मालाची नक्षी रोलरवरून किंवा नक्षीदार कागदावरून उमटते, त्यामुळे ठरावीक अंतरानंतर तीच नक्षी त्याच दिशेने पुन्हा येते. पद्धत अशी: फोटोतील एखादा विचित्र आकाराचा दाणा निवडावा, त्याच्या शेजारचे दोन दाणेही ध्यानात ठेवावेत आणि मग सरळ रेषेत, आधी आडवे आणि नंतर उभे, तोच तिघांचा संच शोधावा. एकच दाणा सारखा सापडणे योगायोग असू शकतो. तिन्ही त्याच मांडणीत सापडले तर तो ठसा.

पुनरावृत्ती सापडली, तरी सिद्ध होते ते एवढेच, की वरची नक्षी दाबलेली आहे. खाली चामडे आहे की कापड, हे दाणा सांगू शकत नाही. दाणा एकाच परिस्थितीत चामड्याच्या बाजूने बोलतो: बॅगेच्या वेगवेगळ्या तुकड्यांवर तो वेगवेगळा असेल तेव्हा. जनावराच्या पाठीचे चामडे घट्ट आणि पोटाकडचे सैल असते. ड्रममध्ये घोळवून दाणा उठवलेल्या चामड्यावर पोटाकडच्या तुकड्यात दाणे मोठे येतात, पाठीकडच्या तुकड्यात लहान. झाकण, तळ आणि बाजू यांवरील दाणे मापाने थोडे निराळे दिसले, तर ते चांगले लक्षण आहे. सर्व तुकड्यांवर दाणा शब्दशः एकच असेल, तर संशय वाढवावा.

बाणेरच्या बॅगेचे काय झाले

झाकणाच्या फोटोत नाणे ७१० पिक्सेल भरले, म्हणजे फोटो मूळ स्वरूपात आला होता. नाण्याच्या उजवीकडे स्वल्पविरामासारखा एक दाणा होता, त्याच्या डोक्याशी दोन छोटे गोल. तोच संच सरळ रेषेत अडीच नाण्यांच्या अंतरावर, म्हणजे सुमारे ६७ मिलिमीटरवर पुन्हा सापडला. नक्षी ठशाची. रंध्रे कुठेही दिसली नाहीत. येथे भाची ‘रेक्झिन आहे, सोडून देऊ’ म्हणाली, आणि कड पाहिली नसती तर मीही तेच म्हटले असते.

लूपच्या टोकाच्या फोटोत मात्र कापड नव्हते. निळसर-करडा पट्टा होता आणि त्यात गुंतलेले तंतू स्पष्ट दिसत होते. म्हणजे आत चामडे नक्की होते. पण ते तंतू वरच्या काळ्या थरापर्यंत जाड आणि सैलच राहिले होते. वर जाताना बारीक आणि घट्ट होत नव्हते, आणि काळा थर एका सरळ रेघेने त्यांच्यापासून वेगळा झाला होता. घट्ट वरचा भाग काढून घेतल्यावर उरलेला खालचा पदर, ज्याला स्प्लिट म्हणतात, त्यावर प्लास्टिकची फिल्म चिकटवली की कड नेमकी अशी दिसते.

मग फिल्मची जाडी मोजली. त्या फोटोत नाणे ७२५ पिक्सेलचे होते, म्हणजे मिलिमीटरला २७ पिक्सेल, आणि काळा थर आठ पिक्सेलचा होता, म्हणजे साधारण ०.३ मिलिमीटर. मोजण्यात दोन पिक्सेलची चूक झाली असे धरले तरी ०.२२ च्या खाली येत नाही. ईएन १५९८७ या युरोपीय मानकानुसार वरच्या लेपाची सरासरी जाडी ०.१५ मिलिमीटरपेक्षा जास्त असेल, तर त्या वस्तूला नुसते ‘चामडे’ म्हणता येत नाही, लेप दिलेले चामडे असे सांगावे लागते. विक्रेता ‘लेदर आहे’ म्हणत होता ते अर्धे खरे होते, पण ‘फुल ग्रेन’ म्हणजे वरचा दाणा न घासता राखलेले चामडे, आणि या बॅगेत तो दाणा असलेला पदरच नव्हता.

अशा मालात फिल्म आधी तडकते ती रोज वाकणाऱ्या जागी. म्हणून भाचीने आणखी एकच फोटो मागितला, झाकण उघडून, मागच्या घडीचा. त्यात घडीच्या रेषेवर केसाएवढ्या तीन भेगा होत्या आणि सर्वांत लांब भेगेतून करडे तंतू बाहेर डोकावत होते. तिने तोच फोटो परत पाठवून किंमत १,२०० होईल का असे विचारले. ‘ताई, ओरिजिनल लेदर आहे’ असे उत्तर आले आणि बॅग बाणेरलाच राहिली.